एनआर७, इनसाइड बार आणि रात्री लावलेल्या ऑर्डरी: माझा हिशेब

उद्यमबागेत एका फाउंड्रीत मी अकाउंट बघतो, घर वडगावात, मागाच्या आवाजात वाढलेलो. कामावर फोन बघायला मिळतो पण मार्केट सव्वानऊला उघडतं आणि मी तेव्हा गेटपासावर सह्या करत असतो, त्यामुळं दिवसभर स्क्रीन बघून ट्रेडिंग हे माझ्या नशिबात नाहीच. रात्री जेवून झाल्यावर चार्ट बघायचा, उद्याची ऑर्डर लावायची, झोपायचं, जे काय व्हायचं ते मी नसताना होऊ दे, असा एखादा सेटअप मी शोधतच होतो.

मंगाईच्या जत्रेला निपाणीहून आत्याचा पोरगा आला होता, मी त्याला दादाच म्हणतो, तंबाखूचा व्यापार आणि रिकामटेकड्या वेळात शेअर. जेवणानंतर अंगणात खाट टाकून त्यानं फोनवर दाखवलं. "हे बघ, शेवटच्या सात दिवसांतली सगळ्यात बारकी कँडल, ती पण आदल्या दिवसाच्या कँडलच्या पोटात. दुसऱ्या दिवशी हाय तोडला की घ्यायचा, लो खाली स्टॉप. स्टॉप केवढा बारका बघ की. सहा-सात रुपये जातील, येतील चौदा. अजून काय पाहिजे तुला?"

रेंज म्हणजे दिवसाच्या हाय आणि लोमधलं अंतर. सात दिवसांतली सगळ्यात लहान रेंज म्हणजे एनआर७, चारातली असेल तर एनआर४. ही नावं टोबी क्रेबल नावाच्या अमेरिकन ट्रेडरनं १९९० साली मांडलेली आहेत, आणि त्याची एंट्री खरं तर दुसऱ्या दिवशीच्या ओपनपासून ठराविक अंतरावर असायची. आपल्याकडे सगळे त्याच कँडलचा हाय-लो तुटला की घेतात, दादापण तेच करत होता, म्हणून मीपण तेच तपासायचं ठरवलं. दादानं दाखवलेले सात-आठ चार्ट एकापेक्षा एक होते. पण मी अकाउंटवाला, मला कुणी निवडून काढलेली बिलं दाखवली की उरलेली फाईल बघावीशी वाटते.

दहा शेअर घेतले, सगळे रोज भरपूर खरेदी-विक्री होणारे, सहा वर्षांचा रोजचा ओपन-हाय-लो-क्लोज एक्सेलमध्ये ओतला. नियम आधी वहीत लिहिले, कारण एक्सेलसमोर बसून नियम केले की ते हळूहळू निकालाकडे सरकतात हे मला मी चांगलाच ओळखत असल्यामुळं माहीत होतं. इनसाइड म्हणजे हाय आदल्या हायपेक्षा कमी आणि लो आदल्या लोपेक्षा जास्त, बरोबरीचा चालणार नाही. खरेदी हायच्या वर ५० पैसे, स्टॉप लोच्या खाली ५० पैसे, टार्गेट जोखमीच्या दुप्पट. ऑर्डर फक्त दुसऱ्या एका दिवसापुरती, लागली नाही तर रद्द. फक्त खरेदीची बाजू, कारण कॅशमध्ये शॉर्ट करून रात्रभर ठेवता येत नाही. फॉर्म्युले एवढेच आहेत, पहिला डेटा दुसऱ्या ओळीत, बी कॉलम ओपन, सी हाय, डी लो:

```
F2:  =C2-D2
G8:  =IF(F8<MIN(F2:F7),1,0)
H8:  =IF(AND(C8<C7,D8>D7),1,0)
I8:  =G8*H8
J9:  =IF(AND(I8=1,C9>=C8+0.5),MAX(B9,C8+0.5),"")
```

शेवटच्या ओळीतलं `MAX` मी पहिल्यांदा घातलंच नव्हतं, आणि सगळी गंमत तिथंच आहे, त्यावर येतोच.

त्याआधी दोन चुका पटकन सांगून टाकतो. नुसते एनआर७ मोजले तेव्हा एका शेअरमध्ये लागोपाठ तीन-चार दिवस एनआर७ दिसले. तसं दर सात दिवसांतला कुठला तरी एक सगळ्यात लहान असणारच, म्हणजे निव्वळ योगायोगानं धरलं तरी सातात एक, वर्षाला पस्तीसेक येणारच, त्यामुळं एनआर७ म्हणजे काही दुर्मिळ प्रकार नव्हे. पण सलग चार जरा जास्तच होते. शोधलं तर त्या आठवड्यात एकास एक बोनस होता. भाव अर्धा झाला की रुपयातली रेंजपण अर्धी होते, मग पुढचे सहा दिवस जुन्या मोठ्या आकड्यांशी तुलना होऊन साध्या कँडलपण बारक्या वाटतात. बोनस-स्प्लिट ॲडजस्ट केलेला डेटा घेतला, भुतं गेली.

दुसरी चूक दादाच्या चार्टमधली. त्याचे सगळे ब्रेकआउट कसे, हायच्या वर जाऊन वरच बंद झालेले आणि व्हॉल्यूम दणकून. मीपण आधी तसाच फिल्टर लावला, ब्रेकआउटच्या दिवशीचा क्लोज हायच्या वर पाहिजे म्हणून, निकाल असा आला की नोकरी सोडावी. चहा करून आणला आणि मग डोक्यात उजेड पडला, की ऑर्डर लागते सकाळी ९:४० ला आणि क्लोज कळतो ३:३० ला. म्हणजे जे ब्रेकआउट फसले ते मी संध्याकाळी बघून सकाळच्या यादीतून काढत होतो. फिल्टर काढला तसा अर्धा नफा गेला.

आता मूळ गोष्ट. एक सेटअप पूर्ण लिहून दाखवतो, शेअरचं नाव सोडा. आदल्या दिवसाची कँडल ७९७ ते ८११. मग बारकी कँडल, हाय ८०६, लो ८००, रेंज ६ रुपये, सातांत सगळ्यात लहान. खरेदी ८०६.५०, स्टॉप ७९९.५०, जोखीम ७ रुपये, टार्गेट ८२०.५०. दुसऱ्या दिवशी हाय ८२१. माझ्या एक्सेलनं लिहिलं, ८०६.५० ला घेतला, ८२०.५० ला विकला, जोखमीच्या दुप्पट मिळाले, शाबास.

फक्त तो शेअर उघडलाच होता ८११ ला. ८०६.५० हा भाव त्या दिवशी कुणालाच मिळाला नव्हता. एंट्री ८११ धरली तर फायदा साडेनऊ आणि जोखीम साडेअकरा, म्हणजे दोनपटीच्या जागी पाऊणपटीच्या थोडं वर, ०.८३. साध्या मोठ्या कँडलच्या सेटअपमध्ये साडेचार रुपयाचा गॅप पोटात जातो, पण इथं पूर्ण जोखीमच सात रुपये आहे, गॅपनं ती निम्म्याहून जास्त वाढवली. म्हणून ते `MAX`, ओपन ट्रिगरच्या वर असेल तर ओपनलाच घेतला असं धरायचं.

हे कागदावर झालं. प्रत्यक्षात मी रात्री जीटीटी लावत होतो, म्हणजे भाव ठरलेल्या आकड्याला पोचला की आपोआप जाणारी ऑर्डर, ट्रिगर ८०६.५० आणि लिमिट ८०८, कारण लिमिट तर द्यावी लागते आणि दीड रुपयाच्या वर द्यायला जीव होत नव्हता. अशा ऑर्डरीचं काय होतं बघा. शेअर ८११ ला उघडला, ट्रिगर झाला, ८०८ ची खरेदी लाईनीत जाऊन बसली, शेअर वर गेला तो गेलाच, मला काही मिळालं नाही. आणि ज्या दिवशी शेअर ८११ ला उघडून खाली आला त्या दिवशी ८०८ ला बरोबर मला मिळाला, आणि तसाच खाली जात ७९९.५० ला स्टॉप घेऊन गेला. म्हणजे चांगले गॅप मला चुकवून जायचे आणि फसके गॅप हमखास माझ्या गळ्यात. हे पहिल्या अकरा-बारा ट्रेडनंतर मला नुसतं दुर्दैव वाटत होतं, मी तर आईला म्हटलंपण की माझा हात लागला की शेअर पडतोय. मग एक्सेलमध्ये लिमिटचा वेगळा कॉलम केला, ओपन लिमिटच्या वर असेल तर दिवसाचा लो लिमिटपर्यंत आला का ते बघून मगच ट्रेड धरायचा, आणि गॅपवाले वेगळे काढले. गॅपनं उघडून लिमिटपर्यंत परत आलेले ट्रेड बाकीच्यांपेक्षा वाईटच निघाले. दुर्दैव नव्हतं, ऑर्डरच तशी होती.

जीटीटीची अजून एक माझीच मूर्खपणाची गोष्ट. ती एका दिवसात मरत नाही, वर्षभर जगू शकते. एकदा रद्द करायची राहिली, नवव्या दिवशी भर दुपारी मेसेज आला की शेअर खरेदी झाला. तोवर ती बारकी कँडल चार्टवर कुठं होती तेपण मला आठवेना. आता रात्री पहिलं काम जुन्या ऑर्डरी काढणं, नंतर नवीन.

पुढचा घोळ जास्त चिवट होता. दुसरं उदाहरण घ्या, तीच बारकी कँडल ८०० ते ८०६, दुसऱ्या दिवशी ओपन ८०३, हाय ८०९, लो ७९८. खरेदी ८०६.५० लागली, स्टॉप ७९९.५० पण त्याच दिवसाच्या पोटात. आधी काय झालं? आधी खाली ७९८ ला जाऊन मग वर आला असेल तर खरेदी नंतर झाली, स्टॉपला धक्का नाही, ट्रेड जिवंत. आधी वर जाऊन खाली आला असेल तर त्याच दिवशी पूर्ण तोटा. रोजच्या कँडलमध्ये याचं उत्तर नाहीच, चार आकड्यांत दिवसाचा क्रम लिहिलेला नसतो. आणि बारकी कँडल म्हटल्यावर हे सारखंच होणार, कारण शांत दिवसानंतरचा दिवस बहुतेक त्याहून मोठाच असतो, मोठा दिवस छोट्या कँडलची दोन्ही टोकं सहज झाडून जातो.

मी आधी काय केलं होतं, अशा दिवशी एक्सेल पुढच्या ओळीपासून स्टॉप बघायचं. म्हणजे एंट्रीच्या दिवशी स्टॉप लागूच शकत नाही असं मी नकळत धरून बसलो होतो. दुरुस्ती म्हणून दोन कॉलम केले, एकात असा प्रत्येक दिवस माझ्या बाजूनं धरला, दुसऱ्यात प्रत्येक दिवस तोटा धरला. एका कॉलमची बेरीज चांगल्यापैकी नफ्यात आणि दुसऱ्याची तोट्यात. डेटा तोच, नियम तेच. खरं उत्तर मधे कुठं तरी आहे, पण रोजच्या डेटातून ते निघणार नाही एवढं मात्र कळलं.

मग पंधरा मिनिटांच्या कँडल जेवढ्या मागच्या मिळाल्या तेवढ्या काढून ते अडलेले दिवस एकेक करून बघत बसलो. तीन रविवार गेले. एका रविवारी लाईट गेली ती चार तास, लॅपटॉप बंद, मग प्रिंट काढलेले कागद घेऊन दारात बसून पेन्सिलीनं खुणा केल्या, शेजारचा मागवाला विचारालाय, "कसली डिझाईन काढालास गा, साडीची?" पंधरा मिनिटांतपण काही दिवस सुटले नाहीत, पहिल्याच कँडलनं दोन्ही टोकं मारलेली, ते सरळ तोट्यात टाकले. माझ्या बाजूचे निघाले ते निम्म्याहून कमी.

खर्चाचा हिशेब मी सगळ्यात शेवटी घातला, अकाउंटवाला असून. डिलिव्हरीला एसटीटी हा व्यवहारावरचा सरकारी कर खरेदीवर ०.१ टक्का आणि विक्रीवर ०.१ टक्का, खरेदीवर स्टँप ड्युटी ०.०१५ टक्का, वर एक्स्चेंजचे चार्ज आणि त्यावर जीएसटी, सगळं मिळून ०.२२ टक्क्याच्या आसपास. विकताना डीमॅटचा ठराविक चार्ज वेगळा, तो मोठ्या ट्रेडला जाणवत नाही पण दहा-पंधरा हजाराच्या ट्रेडला चांगला चावतो. ८०६.५० च्या शेअरवर ०.२२ टक्का म्हणजे पावणेदोन रुपये. ऐकायला काहीच नाही. पण जोखीम सात रुपये आहे, म्हणजे प्रत्येक ट्रेडला जोखमीचा चौथा हिस्सा आधीच गेला, जिंकलात तरी, हरलात तरी.

दुप्पट टार्गेटला खर्च नसताना शंभरात ३३ ट्रेड जिंकले की बरोबरी होते. पाव हिस्सा खर्च धरला की जिंकल्यावर हातात येणार पावणेदोनपट आणि हरल्यावर जाणार सव्वापट, बरोबरीलाच ४२ लागतात. त्यावर घेताना-विकताना ५० पैसे इकडं-तिकडं सरकले, जे स्टॉप लागताना सरकतातच, की आकडा ४६ वर गेला. "स्टॉप केवढा बारका बघ की" हे दादाचं वाक्य तेव्हा आठवलं. स्टॉप बारका होतो, एसटीटी काही रेंज बघून लागत नाही. कँडल जेवढी सुंदर, म्हणजे जेवढी बारकी, तेवढा खर्चाचा वाटा मोठा.

तरी अजून एक प्रश्न राहिलेला, आणि तो मला फाउंड्रीतल्या क्वालिटीच्या साहेबांनी विचारला. ते धारवाडकडचे कन्नड, शेअरमधलं काही कळत नाही पण डब्बा खाताना सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुम्ही वाळू बदलून कास्टिंग बघितलं, जुन्या वाळूचं कास्टिंग शेजारी ठेवलं का?" ठेवलं नव्हतं. मग कुठल्याही साध्या दिवसाचा हाय तुटला की घ्यायचं, बाकी सगळे नियम तेच, असा दुसरा तक्ता केला. बारक्या कँडलवाले माझ्याकडे तीनशेच्या आसपास ट्रेड होते, जिंकलेले शंभरात ४४. साध्या दिवसांचे ४०. दादाला फोन केला तर त्याचं, "मग झालं की, चार टक्के जास्त!" पण तीनशे ट्रेडवर ४४ चा आकडा नुसत्या योगायोगानं पाच-सहा टक्के वर-खाली होऊ शकतो, चारचा फरक त्यातच बुडतो. आणि तीनशे हे खरे तीनशे नाहीतच, मार्केट एखाद्या दिवशी वर उघडलं की माझ्या दहातले चार शेअर एकाच सकाळी ब्रेकआउट देतात, ते चार वेगळे पुरावे कसे धरायचे. शिवाय ४४ ला खर्च आणि घसरण धरून तोटाच होता, बरोबरीला ४६ पाहिजे होते.

दादाला हे पटलं नाही असं नाही, पण त्याचं म्हणणं, "एवढं बघत बसलास तर तंबाखूपण कोण घेणार नाही मर्दा." त्यानं त्याच आठवड्यात एक चांगला ट्रेड मारला आणि स्क्रीनशॉट पाठवला. गॅपच नव्हता, साधा सरळ उघडून तोडला आणि गेला. येतात तसेपण.

मी सेटअप टाकून दिलेला नाही, एक गोष्ट बदलून बघतोय. स्टॉप बारक्या कँडलच्या खाली न ठेवता आदल्या मोठ्या कँडलच्या खाली. वरच्याच उदाहरणात ७९६.५० ला, जोखीम १० रुपये, मग तोच पावणेदोन रुपयाचा खर्च पाव हिश्श्यावरून सहाव्या हिश्श्याच्या जवळ येतो, आणि एकाच दिवशी खरेदी-स्टॉप दोन्ही लागलेले अडलेले दिवसपण कमी झाले. टार्गेट मात्र ८२६.५० ला गेलं, तिथं पोचायला जास्त दिवस लागतात आणि मधे कंपनीच्या निकालाची तारीख आली की सगळंच वेगळं. हा नियम मी पहिल्या चार वर्षांच्या डेटावर बसवलाय, शेवटची दोन वर्षं मुद्दाम वेगळ्या फाईलमध्ये ठेवली आहेत, या नव्या नियमासाठी अजून उघडली नाहीत. आणि ती एकदाच उघडायची आहेत, कारण बघून नियम बदलून परत बघितलं की ती दोन वर्षंपण पहिल्या चारांसारखीच वापरून झाली.

जीटीटीची लिमिटपण बदलली. आता ट्रिगरच्या वर जोखमीच्या चौथ्या हिश्श्याएवढी ठेवतो, म्हणजे १० रुपयाला अडीच रुपये. आणि रात्रीच्या ऑर्डरीवर गॅपनंतर परत येऊन लागलेला ट्रेड वहीत लाल पेननं लिहितो, बाकीचे निळ्या. सध्या एकच शेअर प्रत्येक वेळी, कधी पाच कधी दहा नग, डीमॅटचा चार्ज धरला तर यात पैसे मिळणं शक्यच नाही हे मला माहीत आहे, पण एक्सेलमधला भाव आणि मला खरोखर मिळालेला भाव यातला फरक मोजायला दुसरा मार्ग नाही.

आज रात्री यादीत दोन आलेत. एकाचा निकाल उद्याच आहे, तो खोडला. दुसऱ्याची आदल्या दिवसाची रेंजपण एवढी बारकी आहे की खर्च जोखमीच्या तिसऱ्या हिश्श्याला जातोय, तोपण खोडला. दादाचा मेसेज येऊन पडलाय, त्यानं दुसरा लावलाय, स्टॉप केवढा बारका बघ म्हणतोय.